सरकता जिना एकच, मग ताईच्या पायऱ्या सोळा आणि भावाच्या एकवीस कशा?

इंदूरच्या एखाद्या मॉलमध्ये वर जाणारा सरकता जिना डोळ्यासमोर आणा. रामबागेतून आलेले तिघं जण त्यावर एकामागून एक चढतात. आजी कठड्याचा पट्टा धरून शांत उभी राहते. मुक्ता दर सेकंदाला एक पायरी या चालीने जिन्यावरून वर चालत जाते. तिचा धाकटा भाऊ ओंकार जवळजवळ पळतच जातो. वर पोचल्यावर तो विचारतो, ‘ताई, तू किती चढलीस? मी एकवीस!’ मुक्ताने सोळाच मोजलेल्या असतात. आजीने तर पाऊलही उचललेलं नसतं, म्हणजे तिच्या पायऱ्या शून्य.

जिना एकच, त्याचा वेगही एकच, आणि तिघांपैकी कुणाचीही मोजणी चुकलेली नाही. परीक्षेत विचारतात ते असं: जिना बंद असता, तर खालपासून वरपर्यंत किती पायऱ्या दिसल्या असत्या? भंवरकुआच्या कोचिंग क्लासमध्ये बँकेच्या किंवा कॅटच्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो. बहुतेक मुलं त्याचं सूत्र पाठ करतात आणि प्रश्न जरा फिरवून आला की अडकतात. सूत्राआधी एक चित्र पक्कं केलं तर पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

मुक्ता खाली पाय ठेवते तो क्षण तिथेच थांबवा. त्या क्षणी तिच्यापुढे, वरच्या टोकापर्यंत, ठरावीक पायऱ्या दिसताहेत. समजा त्या ३६ आहेत. जिना चालू असल्यामुळे यातल्या काही पायऱ्या ती पोचायच्या आधीच वरच्या टोकाच्या दातेरी पट्टीखाली नाहीशा होणार. उरलेल्या तिच्या पायाखालून जाणार. तिसरी वाट कुठल्याच पायरीला नाही. म्हणून:

दिसणाऱ्या पायऱ्या = आपण चढलेल्या पायऱ्या + तेवढ्या वेळात जिन्याने गिळलेल्या पायऱ्या

मुक्ताच्या ३६ पैकी १६ तिच्या पायाखालून गेल्या आणि २० जिन्याने गिळल्या. ओंकार लवकर पोचला, त्यामुळे जिन्याला गिळायला वेळच कमी मिळाला. त्याच्या वेळी जिन्याने १५ गिळल्या आणि २१ त्याला स्वतःला चढाव्या लागल्या. आजी एकही पायरी चढली नाही, तेव्हा तिच्यापुढच्या ३६च्या ३६ जिन्याने गिळल्या. जो घाई करतो त्याला जास्त पायऱ्या चढाव्या लागतात, हे ऐकायला उलटं वाटतं; पण जिन्याची मदत वेळेवर मोजली जाते, आणि घाई करणारा तो वेळच कमी करतो.

आता ही ३६ संख्या आपल्याला माहीत नाही असं धरू आणि ती शोधू. माहिती एवढीच: मुक्ताला १६ सेकंद लागले आणि ती १६ पायऱ्या चढली. ओंकारला १२ सेकंद लागले आणि तो २१ चढला. जिना दर सेकंदाला किती पायऱ्या गिळतो ते ठाऊक नाही, म्हणून त्याला ‘ग’ म्हणू. मुक्ताच्या १६ सेकंदांत जिन्याने १६ग पायऱ्या गिळल्या, ओंकारच्या १२ सेकंदांत १२ग. जिना एकच असल्यामुळे दोघांची बेरीज सारखीच यायला हवी:

१६ + १६ग = २१ + १२ग

म्हणजे ४ग = ५, आणि ग = १.२५. हे उत्तर मुक्ताच्या बाजूला घाला: १६ + १६ × १.२५ = १६ + २० = ३६. पडताळा ओंकारच्या बाजूनेही घ्या: २१ + १२ × १.२५ = २१ + १५ = ३६. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय उत्तर लिहू नये. जेमतेम दहा सेकंदांचं काम आहे आणि निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

दर सेकंदाला सव्वा पायरी हा वेग गणितापुरता घेतलेला नाही. मॉलमधले जिने साधारण सेकंदाला अर्धा मीटर सरकतात, आणि एका पायरीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ४० सेंटिमीटरच्या आसपास असतं. ०.५ ला ०.४ ने भागलं की १.२५ येतात. चढ नेहमीप्रमाणे ३० अंशांचा असेल, तर चढावरची प्रत्येक पायरी सुमारे २० सेंटिमीटर उंची देते. पुस्तकातल्या प्रश्नात मात्र जिन्याला कधी ६० पायऱ्या असतात तर कधी १२०. १२० पायऱ्या म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी, जवळजवळ २४ मीटर उंची. परीक्षेत उत्तर १२० आलं म्हणून घाबरू नका, ते बरोबर असू शकतं. पण मॉलमधल्या एका मजल्याच्या जिन्यासाठी तुमच्या मोजणीतून १२० आले, तर मोजणी चुकली हे नक्की.

सेकंद दिलेच नसतील तर

परीक्षेत वेळ क्वचितच थेट देतात. तिथे प्रश्न असा येतो: ‘मुक्ता ४ पायऱ्या चढते तेवढ्या वेळात ओंकार ७ चढतो. वर जाणाऱ्या जिन्यावर मुक्ता १६ आणि ओंकार २१ पायऱ्या चढून वर पोचतात. जिना बंद असता तर किती पायऱ्या दिसल्या असत्या?’ सेकंदांचा पत्ता नाही, आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच चुकतात.

चूक अशी होते. चालीचं प्रमाण ४ : ७ आहे, मग वेळेचं प्रमाण उलट, ७ : ४, असं हात आपोआप लिहून मोकळा होतो. अंतर सारखं असताना वेग आणि वेळ उलट प्रमाणात असतात, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण इथे दोघांनी स्वतः चढलेल्या पायऱ्या सारख्या नाहीत. एकीच्या १६ आहेत, दुसऱ्याच्या २१. त्यामुळे तो नियम इथे लागू होत नाही. वेळ काढायचा एकच मार्ग आहे: प्रत्येकाच्या पायऱ्यांना त्याच्याच चालीने भागा. मुक्ताचा वेळ १६ ÷ ४ = ४ भाग. ओंकारचा वेळ २१ ÷ ७ = ३ भाग. वेळेचं प्रमाण ४ : ३.

मग एका भागात जिना ‘क’ पायऱ्या गिळतो असं धरलं की:

१६ + ४क = २१ + ३क

क = ५, आणि एकूण पायऱ्या १६ + २० = ३६. मगाशी सेकंद वापरून आलेलं उत्तरच पुन्हा आलं.

७ : ४ घेतलं असतं तर काय झालं असतं तेही करून पाहा. १६ + ७क = २१ + ४क, म्हणजे ३क = ५ आणि क = ५/३. एकूण पायऱ्या २७ आणि वर दोन तृतीयांश. पायरी अपूर्णांकात येत नाही, म्हणून चूक लगेच लक्षात येते. पण दिलेल्या आकड्यांवर चुकीची रीतही कधी पूर्णांक देऊन जाते आणि पर्यायांमध्ये तो आकडा मुद्दाम ठेवलेला असतो. अपूर्णांक आला नाही म्हणजे रीत बरोबर, असं समजू नका. दुसरी चूक ४ : ७ हेच वेळेचं प्रमाण मानण्याची. त्यात १६ + ४क = २१ + ७क होतं आणि ‘क’ ऋण येतो. सोबतीने चालणाऱ्या जिन्यासाठी ऋण गती आली, की वेळेचं प्रमाण चुकलं असं खुशाल धरा.

प्रश्न सोडवण्याआधीच दिलेले आकडे शहाणे आहेत का हेही पाहता येतं. जिना आपल्याच दिशेने जात असेल, तर जलद चालणाऱ्याच्या पायऱ्या जास्त असायलाच हव्यात, आणि उत्तर दोघांच्याही आकड्यांपेक्षा मोठं यायला हवं. ओंकारने २१ मोजल्या असतील तर जिन्याच्या पायऱ्या २१ पेक्षा कमी असूच शकत नाहीत, कारण जिन्याने गिळलेल्या पायऱ्या त्यात मिळवायच्याच आहेत.

चालीनुसार आकडा कसा बदलतो, हे याच ३६ पायऱ्यांच्या जिन्यावर पाहू. तुमची चाल जिन्याएवढीच, म्हणजे सेकंदाला सव्वा पायरी असेल, तर काम निम्मं-निम्मं वाटलं जातं: १८ तुम्ही, १८ जिना. चाल दुप्पट केली, सेकंदाला अडीच, तर तुमच्या पायऱ्या ३६ होत नाहीत, २४ होतात. तुमची चाल आणि जिन्याची गती यांचं जे प्रमाण, त्याच प्रमाणात ३६ पायऱ्या दोघांत वाटल्या जातात. अडीच आणि सव्वा म्हणजे २ : १, म्हणून २४ आणि १२. मुक्ताचं १ आणि १.२५ म्हणजे ४ : ५, म्हणून १६ आणि २०. ही वाटणी डोळ्यासमोर ठेवली की बरेच प्रश्न कागद न घेता सुटतात.

पाऊल आणि पायरी

इथे एका शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण त्यावर बरेच गुण जातात. मराठीत आपण पाऊल टाकतो आणि पायरी चढतो. हिंदीतही कदम आणि सीढ़ी वेगळे आहेत. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत मात्र दोन्हींना बहुधा ‘स्टेप’च म्हणतात. प्रश्नात ‘तो एका वेळी दोन पायऱ्या गाळत-गाळत गेला आणि २० पावलं टाकली’ अशा अर्थाचं काही असेल, तर समीकरणात २० लिहायचे नाहीत. एका वेळी दोन पायऱ्या चढत असेल तर ४० लिहायचे. आणि मध्ये दोन पायऱ्या सोडून तिसरीवर पाय ठेवत असेल तर ६०. मराठी बोलणाऱ्याला हा फरक सहज कळतो, तो वापरा. प्रश्न वाचताना प्रत्येक ‘स्टेप’वर पेन्सिलने ‘पाऊल’ किंवा ‘पायरी’ लिहून ठेवा. समीकरणात फक्त पायऱ्या जातात.

उलट्या दिशेने

आता वर जाणाऱ्या जिन्यावरून ओंकार खाली यायला निघाला असं धरा. हे कागदावरच करायचं. खऱ्या जिन्यावर समोरून येणाऱ्याला धक्का लागतो आणि तोल गेला की पायऱ्यांच्या धारदार कडांवर पडायला होतं. चित्र तेच ठेवा. वरून पाय ठेवताना त्याच्यापुढे ३६ पायऱ्या आहेत. या वेळी जिना त्यातली एकही त्याच्यासाठी गिळत नाही. उलट खालच्या टोकातून नव्या पायऱ्या बाहेर काढून त्याच्यापुढे मांडत राहतो. म्हणून:

दिसणाऱ्या पायऱ्या = आपण उतरलेल्या पायऱ्या − तेवढ्या वेळात जिन्याने नव्याने आणलेल्या पायऱ्या

ओंकारची चाल तीच आहे, सेकंदाला १.७५. जिना दर सेकंदाला १.२५ पायऱ्या समोर आणतो. म्हणजे सेकंदाला त्याची खरी कमाई फक्त अर्धी पायरी. ३६ संपवायला ७२ सेकंद लागतील, आणि त्यात तो ७२ × १.७५ = १२६ पायऱ्या उतरेल. यातल्या ९० जिन्याने नव्याने आणलेल्या. मुक्ता तिच्या चालीने हा प्रकार करायला गेली तर कधीच खाली पोचणार नाही, कारण सेकंदाला एक पायरी उतरून होते तोवर सव्वा नवी येते. उलट्या दिशेचा प्रश्न सोडवताना आधी हेच पाहायचं: चालणारा जिन्यापेक्षा जलद आहे का? नसेल तर आकड्यांत गडबड आहे.

इथे खुणाही उलटतात. उलट दिशेने जलद जाणाऱ्याच्या पायऱ्या कमी होतात, कारण जिन्याला नव्या पायऱ्या आणायला कमी वेळ मिळतो. आणि उत्तर मोजलेल्या आकड्यापेक्षा लहान येतं.

एकच माणूस, एकच चाल, एकदा सोबतीने आणि एकदा विरुद्ध, असा प्रश्न आला की मुलं सरासरी काढतात: २१ आणि १२६ ची सरासरी साडेत्र्याहत्तर. जिना ३६ पायऱ्यांचा आहे, तेव्हा हे सपशेल चूक. बरोबर रीत अशी: दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराच्या दुपटीला त्यांच्या बेरजेने भागा. २ × २१ × १२६ ÷ १४७ = ३६. हे चालतं त्यामागचं कारण सोपं आहे. ओंकारच्या एका पायरीमागे जिना नेहमी सारखंच काम करतो, ते त्याचं ठरलेलं प्रमाण. सोबतीने जाताना ३६ ÷ २१ म्हणजे ओंकारच्या एका पायरीमागची एकूण प्रगती, आणि ती ‘१ अधिक जिन्याची मदत’ एवढी असते. विरुद्ध जाताना ही प्रगती ३६ ÷ १२६, म्हणजे ‘१ वजा जिन्याचा अडथळा’ एवढी. दोन्हींची बेरीज केली की मदत आणि अडथळा एकमेकांना खाऊन टाकतात आणि २ उरतात. पण ही रीत चाल बदलली नाही तरच खरी. दोन वेगवेगळी माणसं असतील तर ती वापरू नका.

सपाट सरकता पट्टा

मोठ्या विमानतळांवर, उदाहरणार्थ दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये, सपाट सरकते पट्टे असतात. तिथे मोजायला पायऱ्या नाहीत, म्हणून पायऱ्यांच्या जागी मीटर लिहायचे. बाकी सगळं तेच. ६० मीटरचा पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो आणि तुम्ही सेकंदाला एक मीटर चालता, तर ४० सेकंद लागतात. ४० मीटर तुमच्या पायांचे, २० पट्ट्याचे. बुटाची नाडी बांधायला १० सेकंद लागणार असतील तर ती पट्ट्यावर बांधावी की पट्ट्याआधी जमिनीवर? जमिनीवर पूर्ण १० सेकंद वाया जातात. पट्ट्यावर थांबलात तरी त्या १० सेकंदांत तो ५ मीटर नेतो, उरलेले ५५ मीटर दीड मीटरच्या वेगाने ३६.६७ सेकंदांत होतात, आणि एकूण वेळ ४६.६७ सेकंद. नुकसान १० ऐवजी ६.६७ सेकंद. मात्र बाजूला सरकून, मागच्यांना वाट ठेवूनच थांबा.

खऱ्या जिन्यावर मोजून पाहायचं असेल तर

मॉलमध्ये, किंवा ३१ मे २०२५ ला सुरू झालेल्या इंदूर मेट्रोच्या स्थानकात, हे प्रत्यक्ष करता येतं. पण मुक्ता-ओंकारची रीत वापरली तर उत्तर फार हलतं. वेळ १६ आणि १२ सेकंदच राहिले आणि ओंकारने २१ ऐवजी चुकून २२ मोजल्या, तर १६ + १६ग = २२ + १२ग होतं, ग = १.५ येतो आणि जिना ३६ ऐवजी ४० पायऱ्यांचा ठरतो. एका पायरीच्या चुकीने चार पायऱ्यांचा फरक. आणि एका पायरीची चूक व्हायला तिथे वाव भरपूर आहे: दोन्ही टोकांना पायऱ्या आधी सपाट असतात आणि मग हळूहळू उंचावतात, त्यामुळे पहिली कुठली आणि शेवटची कुठली हे दोघं जण वेगळं ठरवू शकतात.

त्यापेक्षा आजीची रीत धरा. आधी जिन्याच्या खालच्या टोकापाशी, वाटेतून बाजूला, उभे राहा. बहुतेक पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी असते. दातेरी पट्टीखालून किती पिवळ्या कडा बाहेर येतात ते २० सेकंद मोजा. २५ आल्या तर सेकंदाला १.२५. मग जिन्यावर उभे राहा, आणि खालच्या दातेरी पट्टीपासून वरच्यापर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाहा. २८.८ सेकंद आले तर १.२५ × २८.८ = ३६. इथे तीच एका पायरीची चूक झाली, २५ ऐवजी २६ मोजल्या, तर उत्तर ३७.४ येतं. म्हणजे फरक दीड पायरीच्या आतच राहतो. २० ऐवजी ६० सेकंद मोजलंत तर तो आणखी कमी होतो.

दोन्ही मोजण्या जिन्यावर माणसं असतानाच करा. काही जिने रिकामे असले की आपोआप हळू होतात आणि कुणी जवळ आलं की पुन्हा वेग धरतात. पिवळ्या कडा रिकाम्या जिन्यावर मोजल्या आणि वेळ मात्र स्वतः चढून घेतला, तर दोन वेगवेगळ्या गतींचा गुणाकार होतो आणि पायऱ्या खऱ्यापेक्षा बऱ्याच कमी येतात.